फार स्वस्त, वाजवी, महाग, फार महाग : किमतीचा पट्टा शोधणारे चार प्रश्न

“या वस्तूला तुम्ही किती पैसे द्याल?” हा प्रश्न सरळ दिसतो, पण त्याचे उत्तर बहुतेक वेळा निरुपयोगी असते. ज्याला वस्तू घ्यायची आहे तो भाव पाडून सांगतो, कारण आपल्या बोलण्यावरून किंमत ठरणार आहे हे त्याला समजते. ज्याला घ्यायचीच नाही तो भीडेखातर मोठा आकडा सांगून मोकळा होतो. शिवाय कोणाच्याही मनात एखाद्या वस्तूची एकच किंमत कोरलेली नसते. असते ती एक ऐसपैस जागा. तिच्या वरच्या टोकापलीकडे वस्तू परवडत नाही, आणि खालच्या टोकाखाली तिच्यावर विश्वास बसत नाही. बाजार-संशोधनात ही जागा मोजण्याची एक पद्धत जवळजवळ अर्ध्या शतकापासून वापरात आहे. तिला ‘प्राइस सेन्सिटिव्हिटी मीटर’, म्हणजे किंमत-संवेदनशीलतेचे मापक, म्हणतात. व्यवसायात मात्र ती तिच्या कर्त्याच्या नावाने, ‘व्हॅन वेस्टेनडॉर्प’ म्हणूनच ओळखली जाते.

पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प हे डच अर्थतज्ज्ञ. १९७६ साली व्हेनिस येथे भरलेल्या, बाजार-संशोधकांच्या एसोमार या संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी ही पद्धत मांडली. तिची मुळे त्याहून जुनी आहेत. फ्रान्समध्ये जाँ स्टोएट्झेल यांनी १९५४ मध्ये किमतीला दोन मर्यादा असतात, ही कल्पना पुढे आणली होती. कोणत्या किमतीच्या वर वस्तू फार महाग वाटेल आणि कोणत्या किमतीच्या खाली तिच्या दर्जाबद्दल शंका येईल, असे दोन प्रश्न या फ्रेंच परंपरेत विचारले जात. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातले आंद्रे गॅबर आणि क्लाइव्ह ग्रेंजर साठच्या दशकात याच प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेने गेले. ते गिऱ्हाइकाला एकेक ठरावीक किंमत सांगून “या भावाला घ्याल का?” असे विचारत. (याच ग्रेंजर यांना २००३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण ते अगदी वेगळ्या, कालमालिकांच्या कामासाठी.) व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी फ्रेंचांचे दोन टोकांचे प्रश्न घेतले, त्यांच्या मध्ये आणखी दोन प्रश्न बसवले आणि चारही उत्तरांच्या रेघा एका कागदावर काढल्या. त्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे किमतीचा पट्टा सापडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पद्धत समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण धरू. पुण्यातल्या एका महिला बचत गटाला भाजणीची चकली अर्ध्या किलोच्या पाकिटात विकायची आहे. कच्चा माल, तेल, गॅस, मजुरी आणि पाकीट धरून एका पाकिटाचा खर्च १४० रुपये येतो. भाव काय ठेवावा, हा प्रश्न आहे. घरगुती फराळ विकत घेणाऱ्या २०० जणांना चकलीची चव देऊन, पाकीट हातात देऊन चार प्रश्न विचारले जातात. कोणत्या किमतीला ही चकली इतकी महाग वाटेल, की ती घेण्याचा विचारच करणार नाही? कोणत्या किमतीला ती इतकी स्वस्त वाटेल, की मालात काही खोट असेल असे वाटून घेणार नाही? कोणत्या किमतीला ती महागाकडे झुकते आहे असे वाटेल, पण विचार करून घेता येईल? आणि कोणत्या किमतीला ती वाजवी, पैसे वसूल होणारी वाटेल? उत्तर रुपयांत, एका आकड्यात हवे असते.

या चार प्रश्नांतला खरा कळीचा प्रश्न स्वस्ताईचा आहे. शाळेतल्या अर्थशास्त्रात मागणीची रेघ एकाच दिशेने उतरते. किंमत जितकी कमी, तितकी मागणी जास्त. चकलीच्या बाबतीत मात्र अर्धा किलो ८० रुपयांना मिळते म्हटल्यावर जाणकार गृहिणीच्या मनात पहिला विचार तेलाचा येतो. तळून उरलेले तेल पुन्हा वापरले असेल का, भाजणीत नुसते तांदळाचे पीठच असेल का, माल मागच्या महिन्यातला असेल का? जिथे माल आधी पारखून पाहता येत नाही, तिथे किंमत हीच दर्जाची खूण ठरते. म्हणून खालच्या बाजूलाही एक भिंत असते. ही भिंत कुठे आहे ते “किती द्याल?” या प्रश्नातून कधीच कळत नाही.

एका बाईंची उत्तरे अशी आली असे समजू: १४० रुपयांना फार स्वस्त, १८० ला वाजवी, २२० ला महाग, २६० ला फार महाग. ही उत्तरे चढत्या क्रमाने आहेत आणि तसाच क्रम असायला हवा. एखाद्याने १८० ला वाजवी आणि १६० ला महाग असे सांगितले असेल, तर त्याला प्रश्न कळलेला नाही किंवा तो कंटाळला आहे. अशी उत्तरे हिशेबातून काढून टाकतात. दर शेकडा थोडीशी उत्तरे अशी विसंगत निघणे स्वाभाविक आहे, पण ती पाचातली एक किंवा त्याहून जास्त निघू लागली, तर दोष लोकांचा नसून प्रश्नांचा आहे असे समजावे. बहुधा ‘महाग’ आणि ‘फार महाग’ यांतला फरक नीट सांगितला गेलेला नसतो.

यानंतरची पायरी मोजणीची. ज्या बाईंना १४० रुपये फार स्वस्त वाटतात त्यांना १२० आणि १०० हेही फार स्वस्तच वाटणार, आणि ज्यांना २६० फार महाग वाटतात त्यांना ३०० ही फार महागच. म्हणून प्रत्येक किमतीला ‘फार स्वस्त’ म्हणणाऱ्यांत त्या किमतीचे आणि त्याहून वरचे उत्तर देणारे सगळे धरतात, तर ‘फार महाग’ म्हणणाऱ्यांत त्या किमतीचे आणि त्याहून खालचे उत्तर देणारे सगळे. ‘वाजवी’ आणि ‘महाग’ यांचीही बेरीज याच रीतीने होते. त्यामुळे स्वस्ताईच्या दोन रेघा किमतीबरोबर उतरत जातात आणि महागाईच्या दोन चढत जातात. चकलीच्या उदाहरणात शंभरामागे आकडे असे आले असे धरू:

| किंमत (रु.) | फार स्वस्त | वाजवी | महाग | फार महाग |
|---|---|---|---|---|
| १२० | ८० | ९६ | २ | ० |
| १५० | ५२ | ८८ | ८ | २ |
| १८० | २२ | ६६ | २६ | ६ |
| २०० | १२ | ४६ | ४२ | १४ |
| २२० | ६ | ३० | ६२ | २६ |
| २५० | २ | १२ | ८४ | ५० |
| २८० | ० | ४ | ९४ | ७६ |

एक ओळ वाचून पाहू. १८० रुपयांना शंभरातल्या ६६ जणांना चकली वाजवी किंवा त्याहूनही स्वस्त वाटते. त्या ६६ मधल्याच २२ जणांना ती संशय यावा इतकी स्वस्त वाटते. २६ जणांना ती महाग वाटते आणि त्यांतल्या सहा जणांना तर ती घ्यावीशीच वाटत नाही. ६६ आणि २६ मिळून ९२ होतात. उरलेल्या आठ जणांना १८० हा भाव धड वाजवीही वाटत नाही आणि महागही नाही. ते मधल्या रिकाम्या जागेत उभे आहेत.

आता रेघा कुठे छेदतात ते शोधायचे. ‘फार स्वस्त’ची उतरती रेघ आणि ‘महाग’ची चढती रेघ १५० आणि १८० यांच्या दरम्यान छेदतात. १५० ला ५२ विरुद्ध ८, आणि १८० ला २२ विरुद्ध २६. दोन्ही आकडे सारखे होतात ते साधारण १७८ रुपयांना. हे पट्ट्याचे खालचे टोक. याच्या खाली गेल्यास महाग म्हणणाऱ्यांपेक्षा मालावर संशय घेणारे जास्त होतात. ‘फार महाग’ आणि ‘वाजवी’ या रेघा २२० च्या जरा पुढे, २२३ रुपयांच्या आसपास छेदतात. हे वरचे टोक. म्हणजे लोकांना मान्य होईल असा किमतीचा पट्टा १७८ ते २२३ रुपये.

पट्ट्याच्या आत आणखी दोन छेद सापडतात. ‘वाजवी’ आणि ‘महाग’ या रेघा २०२ रुपयांना एकमेकींना मिळतात. तिथे जितक्यांना भाव वाजवी वाटतो तितक्यांनाच तो महाग वाटतो. व्हॅन वेस्टेनडॉर्प यांच्या मते हा बिंदू बाजारात रूढ झालेल्या किमतीजवळ पडतो, म्हणजे लोक नेहमी देतात तो भाव किंवा बाजारातल्या सर्वांत मोठ्या विक्रेत्याचा भाव. या मताचा उपयोग उत्तरांची परीक्षा घेण्यासाठी होतो. आसपासच्या दुकानांत तशीच चकली २०० रुपयांच्या आगेमागे विकली जात असेल, तर लोकांनी बाजार लक्षात ठेवून उत्तरे दिली आहेत. ती ३०० ला विकली जात असेल आणि छेद मात्र २०२ ला पडत असेल, तर लोकांना भावाची कल्पना नव्हती किंवा ते घासाघीस करत होते.

दुसरा छेद ‘फार स्वस्त’ आणि ‘फार महाग’ यांचा. तो १९८ रुपयांना पडतो आणि तिथे दोन्ही रेघा शेकडा १३ वर असतात. दोन्ही टोकांनी नकार देणारे इथे सारखे, म्हणून मूळ पद्धतीत याला ‘इष्टतम किंमत’ म्हणतात. या नावाने सर्वांत जास्त घोळ घातला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, की या भावाला सर्वांत जास्त विक्री होईल किंवा सर्वांत जास्त नफा मिळेल. हा छेद तसे काहीच सांगत नाही. १९८ रुपयांना शंभरातले १३ जण संशयाने आणि १३ जण महागाईने पाठ फिरवतील, एवढेच तो सांगतो. उरलेल्या ७४ पैकी किती जण प्रत्यक्षात पाकीट उचलतील, याबद्दल चारही प्रश्नांत एक अक्षर नाही. बचत गटाचा १४० रुपयांचा खर्चही या हिशेबात कुठे आलेला नाही. खर्च १९० रुपये असता तरी छेद १९८ लाच पडला असता.

पट्ट्याच्या टोकांबद्दलही एक खुलासा हवा, कारण दोन अहवालांतले आकडे यामुळे जुळत नाहीत. वर सांगितलेली रीत आज बरीच प्रचलित आहे. मूळ मांडणीत मात्र ‘वाजवी’ आणि ‘महाग’ या रेघा उलट्या करून वापरल्या आहेत. खालचे टोक ‘फार स्वस्त’ आणि ‘वाजवी नाही’ यांच्या छेदावर, आणि वरचे टोक ‘फार महाग’ आणि ‘महाग नाही’ यांच्या छेदावर. ‘वाजवी नाही’ म्हणजे शंभरातून ‘वाजवी’चा आकडा वजा केलेला. १८० ला तो ३४ येतो, ‘महाग’सारखा २६ नाही, कारण मधल्या जागेत उभे असलेले आठ जण त्यात येतात. या रीतीने चकलीचा पट्टा १७३ ते २२८ निघतो. मूळ पट्टा रुंद आणि प्रचलित पट्टा अरुंद, हे नेहमीच असते. दोन्हींत चूक कोणाची नाही, पण मागच्या वर्षीचा पट्टा एका रीतीने आणि या वर्षीचा दुसऱ्या रीतीने काढला, तर गिऱ्हाइकाचे मन बदलले असा खोटा निष्कर्ष निघतो.

नफ्याचा प्रश्न सोडवण्यासाठी १९९३ मध्ये न्यूटन, मिलर आणि स्मिथ या तिघांनी पद्धतीला जोड दिली. चार प्रश्नांनंतर ते आणखी दोन प्रश्न विचारतात: तुम्ही वाजवी म्हणालात त्या किमतीला वस्तू घेण्याची शक्यता किती, आणि महाग म्हणालात त्या किमतीला किती? उत्तर ‘नक्की घेईन’पासून ‘मुळीच घेणार नाही’पर्यंत पाच पायऱ्यांत मिळते. बोलणे आणि करणे यांत अंतर असते, म्हणून ‘नक्की घेईन’ला पूर्ण शंभर गुण देत नाहीत. शेकडा ७०, ५०, ३०, १० आणि शून्य अशी उतरती वजने अनेकदा वापरतात. ‘फार स्वस्त’ आणि ‘फार महाग’ या दोन टोकांना शक्यता शून्य धरतात.

मघाच्या बाईंकडे परत जाऊ. १८० रुपयांना त्या ‘नक्की घेईन’ म्हणाल्या, म्हणजे ७०. २२० ला ‘घेईन किंवा नाही, सांगता येत नाही’, म्हणजे ३०. दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ ओढली तर २०० ला ५० येतात. २६० ला शून्य असल्यामुळे २४० ला १५. अशी रेघ प्रत्येकाची काढून सगळ्यांची सरासरी केली, की चकलीची मागणी हाती येते. समजा, शंभर जणांमागे १८० रुपयांना ३८ पाकिटे, २०० ला ३४, २२० ला २७ आणि २४० ला १७ पाकिटे जातील असा अंदाज निघाला. गल्ला सर्वांत मोठा १८० ला, ६,८४० रुपये. २०० ला तो ६,८०० आणि २२० ला ५,९४० होतो. पण पाकिटामागचा १४० रुपयांचा खर्च वजा केला, तर चित्र पालटते. १८० ला १,५२० रुपये उरतात, २०० ला २,०४०, २२० ला २,१६० आणि २४० ला १,७००. म्हणजे गल्ल्याच्या दृष्टीने १८०, नफ्याच्या दृष्टीने २२०, आणि ‘इष्टतम’ म्हणवणारा छेद या दोन्हींच्या मध्ये १९८ ला. बचत गटाने कोणता भाव निवडावा हे त्याच्या गरजेवर आहे. पहिल्याच दिवाळीत जास्तीत जास्त घरांत पाकीट पोहोचवायचे असेल तर १८०, आणि हातात माणसे कमी असून घाणे मर्यादितच निघणार असतील तर २२०. दोन्ही भाव पट्ट्यात बसतात. पट्टा कुठे जाऊ नये हे सांगतो, नेमके कुठे थांबावे हे सांगत नाही.

पद्धतीचे दोष यानंतर आपोआप पुढे येतात. पहिला दोष म्हणजे ती वस्तूला बाजारापासून तोडून पाहते. प्रश्नांत शेजारच्या दुकानातल्या १६० रुपयांच्या चकलीचा उल्लेख नसतो. प्रत्यक्षात पाकीट त्या चकलीच्या बाजूलाच मांडलेले असते. म्हणून स्पर्धा तीव्र असलेल्या वस्तूंसाठी संशोधक पुष्कळदा दुसऱ्या पद्धती वापरतात. त्यांत गिऱ्हाइकासमोर चार-पाच पर्याय त्यांच्या किमतींसह मांडून एकाची निवड करायला सांगतात.

दुसरा दोष ओळखीचा. ज्या वस्तूचा भाव लोकांनी कधीच दिलेला नाही तिच्याबद्दल त्यांच्या मनात पट्टा नसतोच. ते हाताशी असलेल्या कुठल्यातरी आकड्याला धरून उत्तर देतात. भारतात पाकिटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यामुळे हा आधार लोकांच्या डोळ्यांपुढे कायम असतो. त्याच जातीच्या पाकिटावरची छापील किंमत आठवून तिच्याजवळचा आकडा सांगितला जातो, आणि संशोधकाला वाटते की आपण मनातली किंमत मोजली. मीठ, पेट्रोल अशा मालात तर ‘फार स्वस्त’ हा प्रश्नच विचित्र ठरतो. सरकारी पंपावर पेट्रोल दहा रुपयांनी उतरले तर कोणी भेसळीच्या शंकेने गाडी पुढे नेणार नाही. जिथे दर्जा आधीच सर्वांना माहीत आहे तिथे खालची भिंत नसते, आणि तरीही लोक प्रश्नाला मान देऊन एक आकडा सांगतात. तो आकडा रेघेत मिसळला, की खोटा छेद पडतो.

तिसरा दोष गोल आकड्यांचा. लोक १८३ म्हणत नाहीत. १५०, २००, २५० म्हणतात. त्यामुळे रेघा सरळ न उतरता २०० जवळ एकदम पायरी पडते आणि छेदही तिथेच खेचला जातो. १९८ आणि २०२ यांतला चार रुपयांचा फरक म्हणूनच गंभीरपणे घेण्यासारखा नसतो. किती फरक गंभीर मानावा याची एक साधी चाचणी आहे. उत्तरांच्या कागदांचे चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गठ्ठे करावेत आणि प्रत्येक गठ्ठ्याचे छेद वेगळे काढावेत. एका गठ्ठ्यात खालचे टोक १७० आणि दुसऱ्यात १८६ आले, तर त्या टोकाबद्दल सोळा रुपयांच्या आत काही बोलता येत नाही. दोनशे माणसांच्या पाहणीत असा फरक सहज दिसतो. पन्नास माणसांच्या पाहणीत रुपयापर्यंतचा आकडा छापणे ही केवळ शोभा.

सर्वांत मोठी फसगत मात्र दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची सरासरी काढल्याने होते. चकलीचीच गोष्ट घेऊ. विकत घेणाऱ्यांत एक गट घरी खाण्यासाठी नेणारा आहे. त्याच्या डोळ्यांपुढे १६० ते २०० चा भाव आहे. दुसरा गट अमेरिकेत किंवा लंडनला असलेल्या मुलाला कुरिअरने फराळ पाठवणारा आहे. कुरिअरला किलोमागे चकलीच्या कित्येक पट पैसे मोजावे लागत असल्याने त्याला पाकिटाचा भाव फारसा बोचत नाही. प्रवासात चुरा न होणारी, महिनाभर खुसखुशीत राहणारी चकली त्याला हवी असते, आणि २०० रुपयांच्या चकलीकडे तो संशयानेच पाहतो. त्याचा पट्टा २४० ते ३२०. हे दोन गट एकत्र करून रेघा काढल्या तर ‘फार स्वस्त’ आणि ‘फार महाग’ यांचा छेद २२० च्या आसपास पडेल. हा भाव पहिल्या गटातल्या पुष्कळांना फार महाग आणि दुसऱ्या गटातल्या पुष्कळांना फार स्वस्त आहे. म्हणजे सरासरीने शोधून काढलेला भाव कोणालाच नको असलेला.

ही फसगत ओळखण्याची खूण आलेखातच असते. एका मनाच्या गिऱ्हाइकांत हा छेद खाली, शेकडा १० ते १५ च्या आसपास पडतो. चकलीच्या पहिल्या उदाहरणात तो १३ वर होता. तो २५–३० वर चढलेला दिसला आणि रेघा मधल्या किमतींत जवळजवळ आडव्या झाल्या, तर दोन गट मिसळले आहेत असा दाट संशय घ्यावा. मग “ही चकली कोणासाठी घेणार?” या एका जास्तीच्या प्रश्नावर कागद वेगळे करून दोन आलेख काढावे लागतात. बचत गटाला त्यातून बहुधा दोन पाकिटे काढावी लागतील, घरच्यासाठी साधे आणि पाठवण्यासाठी जाड डब्यातले. हा प्रश्न पाहणीच्या आधीच कागदावर छापला नसेल, तर गट वेगळे करण्याचा मार्ग उरत नाही आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

प्रश्न विचारण्याच्या रीतीबद्दल थोडे. चार प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत याबद्दल संशोधकांत एकमत नाही, पण पहिला आकडा पुढच्या आकड्यांना आपल्याकडे ओढतो हे सगळे मान्य करतात. म्हणून निम्म्या लोकांना महागाकडून आणि निम्म्यांना स्वस्ताकडून सुरुवात करून देणे सोयीचे. किमतींची छापील पट्टी दाखवली तर लोक तिच्या मध्यावर बोट ठेवतात, त्यामुळे पट्टी अपेक्षित किमतीच्या दोन्ही बाजूंना लांब असावी किंवा मुळीच नसावी. घरोघरी जाऊन विचारताना मुलाखत घेणाऱ्याने “परवडेल तेवढेच सांगा हो” असे म्हटले, की महागाईच्या दोन्ही रेघा डावीकडे सरकल्या. आणि पाहणी फक्त अशा लोकांची करावी जे ती वस्तू खरोखर विकत घेतात. घरी चकली करणाऱ्या आजींना विचारले तर त्यांच्या हिशेबात फक्त पिठाचे आणि तेलाचे पैसे येतात, आणि १२० रुपयेही त्यांना फार महाग वाटतात. त्यांचे उत्तर खरे असले तरी ते विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाचे नसते. अशा वीस आजी दोनशे जणांत मिसळल्या, तर पट्ट्याची दोन्ही टोके खाली सरकतात आणि बचत गटाला आपला माल मुळातच महाग आहे असे वाटू लागते.

पट्टा कायमचा नसतो. तेलाचे भाव वाढले आणि सगळ्यांनीच फराळाचे दर चढवले, की लोकांच्या मनातल्या चारही रेघा काही महिन्यांत उजवीकडे सरकतात. पहिली सरकते ती ‘फार महाग’ची नव्हे, तर ‘फार स्वस्त’ची, असे समजण्यास कारण आहे. सगळीकडे २४० रुपये दर असताना १८० ला विकणाऱ्याकडे कालपर्यंत कौतुकाने पाहणारे गिऱ्हाईक आज पाकीट उलटून त्यावर तेलाचे नाव वाचू लागते. म्हणून दिवाळीच्या हंगामाचा पट्टा पुढच्या दिवाळीला तसाच वापरता येत नाही. भाव ठरवण्याआधी, निदान शंभर नव्या गिऱ्हाइकांना तेच चार प्रश्न, त्याच शब्दांत आणि त्याच रीतीने छेद काढून, पुन्हा विचारावे लागतात.